सकाळचा उजेड, संध्याकाळचा अंधार : दोन-तीन महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र कळायला कशी मदत करावी

दोन महिन्यांचं बाळ रात्री साडेबाराला झोपतं, सकाळी साडेदहापर्यंत उठत नाही, आणि त्याची सगळ्यात लांब, सलग झोप पडते ती सकाळी सात ते साडेदहा. घरातले थकून म्हणतात, याने दिवसाची रात्र केली आहे. अशा बाळात बहुतेक वेळा काही बिघाड नसतो. त्याचं शरीराचं घड्याळ नुकतंच चालू होत असतं आणि ते कशावर लावायचं याची खूण त्याला मिळालेली नसते. ती खूण म्हणजे उजेड. तो कधी, किती आणि कुठून द्यायचा, आणि संध्याकाळी तो कसा काढून घ्यायचा, एवढंच इथे सविस्तर पाहू.

पोटात असताना आईचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, नाळेतून बाळापर्यंत पोहोचत असतं. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री जास्त, दिवसा कमी अशा ठरावीक चढउताराने साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्यात तयार होऊ लागतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात कितीही पडदे उघडझाक केले तरी फारसा फरक दिसत नाही, आणि तेच काम नवव्या आठवड्यात केलं की दिसू लागतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर आठवडे जन्मतारखेपासून नाही, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. सहा आठवडे आधी आलेलं दहा आठवड्यांचं बाळ या हिशेबात चार आठवड्यांचंच आहे. त्याच्याकडून अजून अपेक्षा ठेवू नका.

माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. रोज कोणी लावून दिलं नाही तर ते दररोज थोडं पुढे सरकतं, झोपायची वेळ उशिरा उशिरा होत जाते. सकाळचा उजेड त्याला मागे खेचतो, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर आणतो. रात्री उशिराचा उजेड त्याला आणखी पुढे ढकलतो. ज्या घरात सकाळी पडदे बंद आणि रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट चालू असते, तिथे दोन्ही जोर एकाच, चुकीच्या दिशेने लागतात.

खोलीचा नाही, डोळ्यांचा उजेड मोजा

आपल्याला घरातली दिवे लावलेली खोली लख्ख वाटते, पण उजेड मोजायच्या लक्स या एककात ती जेमतेम १०० ते ३०० असते. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात, मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, आणि थेट उन्हात लाखाच्या घरात. आपला डोळा या फरकाशी इतका पटकन जुळवून घेतो की तो आपल्याला जाणवतच नाही. घड्याळाला मात्र तो जाणवतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नाही, तर मुख्यतः उजेडाचा अंदाज घेऊन मेंदूतल्या घड्याळाला कळवण्यासाठी असतात, आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, पांढऱ्या एलईडी बल्बमध्येही बराच असतो, पिवळसर बल्बमध्ये कमी.

मोबाइलवर लाइट मीटरचं ॲप घ्या आणि फोन बाळाच्या चेहऱ्याजवळ, बाळ जिकडे बघतंय तिकडे तोंड करून धरा. आकडा तंतोतंत नसतो, पण तुलना करायला पुरतो. खिडकीपासून हातभर अंतरावर आणि तिथून तीन मीटर आत असं मोजून पाहा. आत गेल्यावर उजेड अनेक पटींनी घटलेला दिसेल. पाळणा खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पडदे उघडे ठेवूनही बाळाला दिवस मिळत नाही.

दुसरी गोष्ट नजरेतून सहज सुटते. आपण उभे असतो तेव्हा छतावरचा दिवा डोक्याच्या वर असतो. उताणं झोपलेलं बाळ मात्र सरळ त्या दिव्याकडे बघत असतं. संध्याकाळी "एवढा काही उजेड नाही" असं जे आपल्याला वाटतं, ते बाळाच्या जागी आडवं होऊन वर पाहिलं की लगेच बदलतं. एकदा खरंच तसं झोपून पाहा.

सकाळ

आधी उठण्याची एक वेळ ठरवा. झोपण्याची वेळ ठरवून बाळाला झोपवता येत नाही, पण उठण्याची वेळ ठरवून पडदा उघडता येतो. सगळी रचना या एका खुंटीवर उभी राहते. सुट्टीच्या दिवशीही ती अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवू नका.

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पडदे उघडा आणि उजेडाला आपलं काम करू द्या. बाळ झोपेत वळवळू लागतं. वेळ झाली की उचला, डायपर बदला, आणि दिवसाचं पहिलं दूध खिडकीशी बसून द्या. खिडकी बाळाच्या बाजूला यावी, डोळ्यांसमोर थेट सूर्य येऊ नये. बाळ डोळे घट्ट मिटत असेल, तोंड फिरवत असेल तर उजेड त्याला जास्त आहे. थोडं आत सरका. डोळे मिटून राहिलं तर हवा तो उजेड आत जाणारच नाही.

उठल्यापासून तासाभरात बाळाला वीस ते तीस मिनिटं बाहेर न्या, सावलीत. झाडाखाली, गॅलरीत, भिंतीच्या आडोशाला कुठेही चालेल, फक्त वर मोकळं आकाश दिसायला हवं. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवायचं नाही, आणि या वयात सनस्क्रीनवरही भिस्त ठेवायची नाही. घड्याळाला ऊन नको असतं, आकाशाचा पसरलेला उजेड हवा असतो, आणि तो सावलीत पुरेसा मिळतो. ढग असतील तर वेळ चाळीस मिनिटांपर्यंत वाढवा. बाहेर फार उकाडा किंवा गारठा असेल तर उघड्या खिडकीशी तासभर काढा. बंद काचेतूनही घड्याळापुरता उजेड येतो. काच अडवते ती ड जीवनसत्त्व बनवणाऱ्या किरणांना, त्यामुळे खिडकीत बसवलं म्हणून डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद करू नका. ते दोन वेगळे विषय आहेत.

बाबागाडीवर दुपटं टाकून फिरवण्याची सवय इथे दोन्हीकडून घात करते. उजेड अडतो, आणि आतली हवा कोंडून बाळ धोकादायक रीतीने तापू शकतं. गाडीचा टप पुढे ओढा किंवा गाडीचं तोंड फिरवा, कापडाने झाकू नका.

दुपार विसरू नका

सगळं लक्ष सकाळीच दिलं जातं. पण सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारी बारा ते चारच्या दरम्यान इतरांपेक्षा जास्त उजेड मिळालेला होता. एवढ्यावरून उजेडामुळेच झोप सुधारली असं सिद्ध होत नाही, तरी दिवस भरभक्कम उजेडाचा असला की रात्र त्याच्यापुढे उठून दिसते, हे पटण्यासारखं आहे. म्हणून दुपारी जागं असताना आणखी अर्धा तास बाहेर सावलीत किंवा खिडकीशी द्या.

दिवसाच्या झोपा अंधाऱ्या खोलीत असाव्यात की उजेडात? या वयात आमचं मत स्पष्ट आहे: उजेडात. पडदे उघडे, घरातले नेहमीचे आवाज चालू, आणि पाळण्यावर थेट ऊन पडणार नाही एवढीच काळजी. दोन महिन्यांचं बाळ तासाभराच्या, फार तर दीड तासाच्या जागेपणाने दमतं आणि उजेडातही झोपतं. बारा आठवड्यांच्या पुढे काही बाळं इतकी चौकस होतात की उजेडात प्रत्येक झोप वीस मिनिटांत मोडते. तेव्हा अर्धा पडदा ओढा, पूर्ण काळोख नको. दिवसाची एखादी झोप सलग दोन-अडीच तासांच्या वर जात असेल तर उजेडात उचलून दूध द्या. ती लांब झोप रात्रीची आहे, तिला तिच्या जागी न्यायचं आहे.

संध्याकाळ

झोपायच्या दोन तास आधी घर बदललेलं दिसलं पाहिजे. छतावरचे सगळे दिवे बंद. खोलीत एकच पिवळसर दिवा, २७०० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेला, आणि तो बाळाच्या नजरेच्या खाली: जमिनीवर, बुटक्या स्टुलावर, खुर्चीमागे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, दिवसासारखा, संध्याकाळी नको असलेला. टीव्ही चालू असेल तर बाळाची पाठ त्याच्याकडे ठेवा.

शाळेच्या आधीच्या वयातल्या, तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत झोपेआधी तासभर मिळालेला अगदी ५ ते ४० लक्सचा उजेडही मेलाटोनिन बऱ्याच प्रमाणात दाबताना दिसला आहे. लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं आणि निळा उजेड जास्त आत सोडतं. दोन महिन्यांच्या बाळासाठी नेमका आकडा या प्रयोगांवरून काढता येत नाही, पण दिशा कळते. मोठ्यांना "मंद" वाटणारा दिवा बाळासाठी मंद असेलच असं नाही. बाळाच्या चेहऱ्यापाशी मीटरचा आकडा दहा लक्सच्या खाली आणता आला तर उत्तम.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती न्हाणीघरात. दीड तास घर मंद ठेवायचं आणि मग झोपेआधी बाळाला घरातल्या सगळ्यात पांढऱ्या, प्रखर दिव्याखाली अंघोळ घालायची, असं सर्रास होतं. संध्याकाळची अंघोळ हवी असेल तर ती दिवे मंद करण्याआधी उरका. ओल्या, निसरड्या बाळाला अंधारात हाताळू नका, त्यात पडण्याचा धोका आहे.

रात्र

रात्री खोली इतकी काळोखी असावी की स्वतःचा हात जेमतेम दिसावा. दुधासाठी एक-दोन वॅटचा अंबर किंवा लाल दिवा, पलंगाच्या खालच्या अंगाला, बाळाच्या डोळ्यांत थेट न येणारा. चार्जरचे आणि यंत्रांचे निळे ठिपके काळ्या चिकटपट्टीने झाका.

दूध द्यायचंच. या वयात रात्री एक-दोनदा, कधी तीनदा दूध लागणं स्वाभाविक आहे, आणि अंधाराचा उपयोग ते तोडण्यासाठी करायचा नाही. अंधाराचं काम एवढंच की दूध पिऊन झालं की बाळ पुन्हा झोपेकडे वळावं. म्हणून बोलणं कमी, हसणं-खेळवणं नाही. डायपर शी झाली असेल किंवा तो अगदी जड झाला असेल तरच बदला, आणि तेही दूध निम्मं झाल्यावर, म्हणजे उरलेल्या दुधावर बाळ परत पेंगतं. दुसरा डायपर, पुसायचा कपडा आणि एक झबलं संध्याकाळीच हाताशी ठेवा. मध्यरात्री कपाट शोधायला लावलेला मोठा दिवा अर्ध्या तासाची झोप नेतो.

दूध पाजताना फोन बघितला जातो, हे समजण्यासारखं आहे. पण तो बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. बघायचाच असेल तर पडदा सर्वांत मंद करा आणि बाळाच्या डोक्यामागे धरा. दुसरा धोका जास्त गंभीर आहे: अंधारात पाजणाऱ्याचाही डोळा लागतो. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पेंग येत असेल तर तिथे बसून पाजू नका, घरातल्या दुसऱ्याला उठवा. दूध झालं की बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी-पांघरूण-खेळणी नसलेल्या त्याच्या जागी. खोली अंधारी करायला पाळण्यावर कापड टाकू नका आणि पडद्याच्या दोऱ्या बाळाच्या हाती लागणार नाहीत अशा बांधा.

आईचं दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा. रात्री काढलेल्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतं. रात्रीचं दूध रात्री आणि दिवसाचं दिवसा देता आलं तर आणखी एक खूण मिळते. जमलं नाही तर जे आहे ते द्या, दूध टाकून देण्यासारखा हा फरक नाही.

सुरुवातीच्या त्या बाळाचं काय?

तेच बाळ घेऊ: नऊ आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं, वजन नीट वाढणारं, रात्री साडेबाराला झोपणारं, साडेदहाला उठणारं. त्याला हळूहळू सकाळी साडेसातला उठणं आणि रात्री साडेनऊला झोपणं यावर आणायचं आहे. एका दिवसात तीन तास ओढलं तर बाळ फक्त थकतं आणि जास्त रडतं.

पहिले तीन दिवस काही बदलू नका, फक्त लिहा: कधी झोपलं, कधी उठलं, दूध कधी. यातून सगळ्यात लांब झोप कुठे पडते ते कळतं. मग दर दोन दिवसांनी अर्धा तास मागे या. पहिले दोन दिवस पडदे दहा वाजता, पुढचे दोन साडेनऊला, मग नऊ, साडेआठ, आठ, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी साडेसात. लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती आहे. ज्या आकड्याला सकाळी पडदे उघडता, त्याच आकड्याला रात्री दिवे मंद करा. सकाळी दहा तर रात्री दहा, शेवटी सकाळी साडेसात तर संध्याकाळी साडेसात. प्रत्यक्ष झोप त्यानंतर साधारण दोन तासांनी येईल, म्हणजे शेवटी साडेनऊच्या आसपास. या वयाला साडेनऊ ही वाईट वेळ नाही. सातला झोपवण्याचा हट्ट धरला तर ती बहुतेक वेळा संध्याकाळची एक डुलकी ठरते आणि बाळ आठला ताजंतवानं उठतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी बहुधा एक अडचण येते. बाळ पहाटे साडेपाचला जागं होतं आणि टक्क डोळे उघडून बघतं. मोह होतो की उठलंच आहे तर पडदे उघडावेत. उघडू नका. ठरलेल्या वेळेआधीची जाग म्हणजे रात्रच: अंधारात दूध, अंधारात थोपटणं. पडद्याच्या फटीतून पहाटेचा उजेड येत असेल तर या लवकर जाग येण्याचं कारण तेच असू शकतं, कडा भिंतीला चिकटवून टाका.

मध्येच लस दिली, सर्दी झाली किंवा दोन दिवस दुधाची मागणी एकदम वाढली तर आहात त्या वेळेवर थांबा. मागे जाऊ नका, पुढेही ढकलू नका. बाळ सावरलं की पुन्हा अर्धा तास.

फायदा दिसतो तो एका क्रमाने, आणि तो माहीत नसला की लोक मधेच सोडून देतात. आधी रात्री जाग येण्याच्या वेळा कमी होत नाहीत. आधी सरकते ती लांब झोप: सकाळी सातची पाचकडे, मग तीनकडे, मग मध्यरात्रीच्या अलीकडे. तिची लांबी साडेतीन तासांवरून चार-पाच तासांवर जाते ती नंतर. म्हणून वहीत रोज फक्त एक गोष्ट तपासा, लांब झोप किती वाजता सुरू झाली. ती दर दोन-तीन दिवसांनी अलीकडे येत असेल तर घड्याळ लागत आहे, रात्री जाग तेवढ्याच वेळा येत असली तरी. दोन आठवडे नेटाने करूनही ती जागची हलली नाही, तर मीटर पुन्हा बाळाच्या चेहऱ्यापाशी धरा. बहुतेक वेळा सकाळचा आकडा वाटला त्यापेक्षा कमी किंवा संध्याकाळचा जास्त निघतो.

संध्याकाळचं किरकिरणं मात्र या हिशेबात धरू नका. ते साधारण सहाव्या आठवड्याला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. उजेडाने भूक, पोटदुखी, दूध वर येणं किंवा नाक चोंदणंही सुटत नाही.

काही खुणा दिसल्या तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, लगेच. बाळ दुधासाठीही नीट जागं होत नसेल, मलूल पडत असेल, ओले डायपर कमी झाले असतील, तरही लगेच. आणि तीन महिन्यांचं होत आलं तरी चेहऱ्याकडे किंवा हलत्या वस्तूकडे नजर लागत नसेल, झगमगीत उजेडात डोळे मिटत नसेल, किंवा बाहुली पांढरट दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या. उजेड डोळ्यांतून आत पोहोचतच नसेल, तर इथलं काहीही त्या बाळावर लागू पडणार नाही.